पुनर्प्राप्ती-संवर्धित निर्मिती (रॅग)

पुनर्प्राप्ती-संवर्धित निर्मिती : भाषाप्रतिमानाने केवळ प्रशिक्षणकाळी आत्मसात केलेल्या मजकुरावर विसंबून न राहता, प्रश्नासमयी बाह्य दस्तऐवजांतून संबद्ध उतारे मिळवून त्यांच्या आधारे उत्तर रचावे, अशी योजना असलेली पद्धती. पॅट्रिक लुइस व सहकाऱ्यांच्या २०२० च्या शोधनिबंधाने ही संज्ञा रूढ केली. त्यात विकिपीडियाचे शंभर-शंभर शब्दांचे सुमारे २ कोटी १० लाख खंड वापरले होते.

कार्यपद्धती : दस्तऐवजाचे लहान खंड पाडून प्रत्येकाचा अर्थ दर्शविणारी संख्यामालिका, म्हणजे सदिश, काढून ठेवतात, प्रश्नाचाही सदिश काढून त्याच्या निकटचे मोजके खंड प्रतिमानापुढे ठेवतात. प्रतिमानाच्या स्मृतीत तपशील पुसट असेल तेथे ते संभाव्य वाटणारा शब्द योजते, व भ्रामक विधाने त्यातून उपजतात. उतारा समोर असल्यास तो तपशील तेथून घेता येतो आणि वाचकालाही मूळ मजकुराशी पडताळा घेता येतो. त्यामुळे भ्रम घटतो, नाहीसा होत नाही.

उदाहरण : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराचे वय तापदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे काढण्यात आले होते, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरविले. दोन्ही निबंध एकाच दप्तरात असल्यास वयाच्या प्रश्नाला दोहोंचे खंड जवळपास सारखेच निकट ठरतात, कारण सदिशांची निकटता विषयाचे साम्य मोजते, विधानाची ग्राह्यता नव्हे. केवळ जुना खंड निवडला गेला, तर उत्तर आधारासह, निःशंकपणे आणि तरीही कालबाह्य येते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक खंडासोबत प्रकाशनवर्ष व मापनपद्धती नोंदविणे आणि परस्परविरोधी खंड आढळल्यास दोन्ही मते देण्यास प्रतिमानाला सांगणे.

दुसरा दोष खंड पाडतानाच शिरतो : विवराचे नाव एका खंडात राहिले आणि ‘त्याचे वय’ असा आरंभ असलेले वाक्य पुढील खंडात गेले, तर तो खंड लोणारविषयी आहे हे सदिशाला उमगत नाही. म्हणून लगतच्या खंडांत काही वाक्ये सामाईक ठेवतात व प्रत्येकाच्या माथ्यावर प्रकरणाचे शीर्षक जोडतात.

दोषनिदान : प्रथम निवडलेल्या खंडांची यादी पाहावी. योग्य खंड तीत नसेल, तर दोष खंडन वा शोध यांचा. असूनही उत्तर चुकले, तर निर्मितीचा.

मराठीतील स्थिती : पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये महाएसबर्ट हे मराठी वाक्यांचे सदिश देणारे प्रतिमान प्रसिद्ध केले, त्याच्या प्रशिक्षणसामग्रीत यंत्रानुवादित वाक्ये होती. ‘बुलडाणा’ व ‘बुलढाणा’ अशी दोन लेखनरूपे प्रचलित असल्याने निव्वळ शब्दशः शोधात एका रूपाचे दस्तऐवज निसटतात.

छायांकित दस्तऐवज : त्यांचा मजकूर यांत्रिक अक्षरओळखीने मिळवावा लागतो, आणि तीतील चूक पुढील प्रत्येक टप्प्यात तशीच उतरते.

मूल्यमापन : ही पद्धती उत्तराला आधार देते, त्या आधाराची सत्यता तपासण्याचे काम दप्तर लावणाऱ्याकडेच राहते.