खाटांच्या तक्त्याची साफसफाई : तारखा, वॉर्डांची नावे आणि रिकामे रकाने

वेल्ह्याच्या पश्चिमेला, केळदच्या वाटेवर असलेल्या पासलीतून एखाद्या रुग्णाला रात्री पुण्याकडे हलवायचे असेल, तर खाट कोठे रिकामी आहे हे निघण्यापूर्वीच कळलेले बरे. वाटेत बराच वेळ जातो आणि चुकीच्या माहितीवर केलेली फेरी रुग्णाला महागात पडते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात पुण्यातील खाटांचा विषय निघाला. सुनावणी चालू असतानाच तेथून पुण्याच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी लावण्यात आला. संकेतस्थळावर व्हेंटिलेटरची खाट रिकामी दिसत होती; पलीकडून मात्र ती उपलब्ध नसल्याचे उत्तर आले. अशी तफावत अनेक कारणांनी पडते. माहिती उशिरा भरली जाणे हे त्यातले उघड कारण आहे. संगणकातून काढलेला तक्ता न तपासताच वापरणे हे कमी दिसणारे कारण, आणि या लेखात त्याचाच विचार केला आहे.

उदाहरणासाठी तीस खाटांचे एक काल्पनिक ग्रामीण रुग्णालय घेऊ. पुरुष वॉर्डात १२, स्त्री वॉर्डात १० आणि प्रसूती वॉर्डात ८ खाटा आहेत. दररोज मध्यरात्री किती खाटांवर रुग्ण आहेत हे मोजले जाते, आणि एप्रिल २०२१ ची फाइल एक्सेलमध्ये उघडली आहे. प्रत्येक दिवसाच्या चार ओळी आहेत : तीन वॉर्ड आणि खाली ‘एकूण’. तारीख मात्र पहिल्याच ओळीत असून पुढच्या तीन ओळींत तो रकाना रिकामा आहे. तीस दिवसांच्या १२० ओळी व्हायला हव्यात. फाइलमध्ये १२१ आहेत. ही एक जास्तीची ओळ लक्षात ठेवावी, तिचा उलगडा पुढे होईल.

मूळ पान जसेच्या तसे ठेवून कामासाठी त्याची प्रत करावी. प्रथम तारखेचे रिकामे रकाने भरायचे. तारखेचा स्तंभ निवडून `Go To Special` मधील `Blanks` घ्यावे, `=` टाइप करून वरच्या रकान्यावर बोट ठेवावे आणि `Ctrl+Enter` दाबावे. नंतर तो स्तंभ `Paste Values` ने पक्का करावा, अन्यथा ओळी काढताच तारखा बिघडतात. हा उपाय फक्त तारखेपुरता आहे. रुग्णसंख्येचा रिकामा रकाना वरच्या आकड्याने भरणे म्हणजे न मोजलेले रुग्ण मोजल्याचे दाखवणे होय.

यानंतर तारखांचा खरा घोटाळा समोर येतो. फाइलमध्ये `05/04/2021` म्हणजे ५ एप्रिल. पण संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर एक्सेल ती ४ मे म्हणून वाचतो. ५ एप्रिलचा आतला क्रमांक 44291 असायला हवा. त्याऐवजी 44320 साठवला जातो, आणि पडद्यावर काहीच चुकलेले दिसत नाही. `13/04/2021` वाचताना तेरावा महिना नसल्याने एक्सेल हात टेकतो आणि ती नोंद मजकूर म्हणून सोडून देतो. त्यामुळे १ ते १२ एप्रिलच्या नोंदी जानेवारी ते डिसेंबर अशा बारा महिन्यांच्या ४ तारखेवर विखुरतात. १३ पासूनच्या नोंदी मजकूर राहतात. रकान्याची मांडणी बदललेली नसेल, तर खऱ्या तारखा उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटलेला दिसतो. बारा दिवस उजवीकडे, अठरा डावीकडे असे चित्र दिसले, की रोग ओळखला असे समजावे. ४ एप्रिल तेवढी बरोबर राहते, कारण दिवस आणि महिना एकच.

मूळ फाइल हाती असेल तर ती दोनदा टिचकी मारून न उघडता `Data` मधील `From Text/CSV` वाटेने घ्यावी आणि तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने वाचण्यास सांगावे. ती हाती नसेल, तर हे सूत्र उपयोगी पडते :

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

मात्र वरील चित्र दिसल्याशिवाय हे सूत्र वापरू नये. बरोबर असलेल्या तारखाही ते उलट्या करील. सूत्रानंतर सर्व तारखा १ ते ३० एप्रिलमध्येच पडायला हव्यात.

वॉर्डांच्या नावांत मराठीची एक खास अडचण आहे. ‘वॉर्ड’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ॉ’ हे एकच चिन्ह असते, दुसऱ्यात काना आणि वरची चंद्रकोर अशी दोन चिन्हे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण `LEN` पहिल्याची लांबी ५ सांगते, दुसऱ्याची ६. शिवाय ‘महिला वॉर्ड’, `FEMALE WARD`, `F/W` ही रूपे आणि शेवटी राहिलेली मोकळी जागा असतेच. शोधा-बदला करीत बसण्यापेक्षा ‘नावे’ असे वेगळे पान करावे. त्यात डावीकडे फाइलमध्ये आढळलेले प्रत्येक रूप आणि उजवीकडे ठरवलेले नाव लिहावे.

```
=VLOOKUP(TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," ")),'नावे'!A:B,2,FALSE)
```

यादीत नसलेले नाव आले, की `#N/A` दिसते. ते झाकण्याचा मोह टाळावा, कारण नवे रूप आल्याची तीच खूण आहे. ‘महिला’ म्हणजे स्त्री वॉर्ड की त्यात प्रसूतीही धरली आहे, हे सूत्र सांगू शकत नाही. ते वॉर्डाच्या परिचारिकेलाच विचारावे लागते.

आता ती जास्तीची ओळ. नवी तारीख `D` मध्ये आणि नवे नाव `E` मध्ये असेल, तर पुढील सूत्र एकाच दिवशी एकाच वॉर्डाच्या किती नोंदी आहेत हे मोजते :

```
=COUNTIFS(D:D,D2,E:E,E2)
```

९ एप्रिलला स्त्री वॉर्डासमोर २ येते. एक ओळ ‘स्त्री वॉर्ड’ नावाने होती, दुसरी ‘महिला वॉर्ड’ नावाने, आणि दोन्हींत ७ रुग्ण. नावे वेगळी होती तोवर हे दिसलेच नसते. नावे एक करून बेरीज केली असती, तर दहा खाटांवर १४ रुग्ण झाले असते. निर्णय ‘एकूण’ची ओळ देते. त्या दिवशी पुरुष ८, प्रसूती ४ आणि एकूण १९. म्हणजे सात एकदाच धरायचे. म्हणूनच ‘एकूण’च्या ओळी घाईने पुसू नयेत; प्रत्येक दिवसाची बेरीज ताडून झाल्यावरच त्या काढाव्यात. तीस ओळी गेल्या की ९१ उरतात, दुबार नोंद गेली की ९०. तीन वॉर्ड गुणिले तीस दिवस, हिशेब जुळला.

अंतिम तक्त्यात चारच स्तंभ असावेत : तारीख, वॉर्ड, मंजूर खाटा आणि भरलेल्या खाटा. रंग, जोडलेले रकाने, बेरजा यांना तेथे जागा नाही.

राहिला प्रश्न रिकाम्या आकड्यांचा. स्त्री वॉर्डाच्या दोन दिवसांची रुग्णसंख्या कोरी आहे. त्या दिवसांची ‘एकूण’ही कोरीच असल्याने वजाबाकीने ती काढता येत नाही. उरलेल्या २८ दिवसांची बेरीज १८२. कोरे म्हणजे शून्य धरले, तर १८२ भागिले ३००, म्हणजे सुमारे ६०.७ टक्के. ते दिवस बाजूला ठेवले, तर १८२ भागिले २८०, म्हणजे ६५ टक्के. दुसरा आकडा अधिक प्रामाणिक आहे, पण त्याच्याशेजारी ‘२८ दिवसांच्या नोंदींवरून’ असे लिहायला हवे. त्या दोन रात्री वॉर्ड भरलेला होता की मोकळा, याचे उत्तर वॉर्डाच्या हाती लिहिलेल्या नोंदवहीतच मिळेल.