गर्भनिरोधक गोळ्या : औषधांची परस्परक्रिया

मुखावाटे घेतलेल्या संप्रेरकयुक्त गोळीचा प्रभाव अन्य औषधामुळे क्षीण होणे. १९७० नंतरच्या दशकारंभी क्षयावरील रिफॅम्पिसिन घेणाऱ्या स्त्रियांत अवेळी रक्तस्राव व अनपेक्षित गर्भधारणा आढळल्या, आणि तेव्हापासून प्रतिजैविकांवर सरसकट जो संशय घेतला गेला, तो अ‍ॅमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन आदींबाबत निराधार ठरला आहे. रिफॅम्पिसिन यकृतातील विकरे वाढवून (पहा : यकृत) संप्रेरकांचा निचरा जलद करते, औषध थांबविल्यावरही हा परिणाम सुमारे ४ आठवडे टिकत असल्याने तेवढ्या मुदतीपर्यंत तांबी हेच अधिक भरवशाचे साधन होय. कार्बामाझेपीन व फेनिटॉइन यांचेही तसेच (पहा : अपस्मार). वांतीचा संबंध मात्र केवळ शोषणाशी असून, गोळीनंतर ३ तासांच्या आत ती झाल्यास दुसरी गोळी घ्यावी लागते.