गायब झालेला ओपनिंगचा भाव

शेअरचा चार्ट उघडून त्याखाली चायकिन मनी फ्लो आणि फोर्स इंडेक्स एकाच वेळी लावले, तर कधीकधी एक गंमत दिसते. एक म्हणतो खरेदीचा जोर आहे, दुसरा म्हणतो विक्रीचा. दिवस तोच, शेअरही तोच. यातला खोटा कोण, असा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर मिळालं ते या दोघांच्या इतिहासात.

सुरुवात जोसेफ ग्रॅनव्हिलपासून करू. १९६३ साली या अमेरिकन विश्लेषकाने ‘ऑन बॅलन्स व्हॉल्यूम’ लोकांसमोर आणला. त्याचा नियम सोपा होता. शेअर कालच्यापेक्षा वर बंद झाला, तर आजचा सगळा व्हॉल्यूम जमा करायचा. खाली बंद झाला, तर सगळा वजा. पण भाव पाच पैशांनी वाढला काय आणि पाच रुपयांनी वाढला काय, हिशेब सारखाच! हे अनेकांना खटकलं आणि त्यातून दोन वेगळ्या वाटा फुटल्या.

पहिली वाट लॅरी विल्यम्सची. त्याने कालचा भाव सोडून दिला आणि फक्त आजच्या दिवसाच्या आत पाहिलं. शेअर सकाळी जिथे उघडला, तिथून संध्याकाळपर्यंत किती वर सरकला, आणि दिवसभराच्या चढउताराच्या मानाने ते किती? तेवढ्या प्रमाणात व्हॉल्यूम जमा किंवा वजा करायचा. यालाच अ‍ॅक्युम्युलेशन म्हणायचं, म्हणजे माल गोळा होणं.

मग एक अडचण आली. मार्क चायकिनने स्वतः सांगितलेली हकिगत अशी: १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन वर्तमानपत्रांच्या भावपत्रकातून ओपनिंगचा भाव काढून टाकला गेला. तेव्हा रोजचे आकडे पेपरातूनच घ्यायचे, त्यामुळे विल्यम्सचं सूत्र अडलं. चायकिनने ओपनिंगच्या जागी दिवसाच्या उच्चांक आणि नीचांकाचा मध्य धरला. बंद भाव मध्याच्या वर असेल तर जमा, खाली असेल तर वजा. पुढे २१ दिवसांची ही बेरीज त्याच दिवसांच्या एकूण व्हॉल्यूमने भागली आणि मनी फ्लो तयार झाला. तो उणे एक ते अधिक एक यांच्यामध्येच राहतो.

दुसरी वाट अलेक्झांडर एल्डरची. हा लेनिनग्राडमध्ये जन्मलेला मानसोपचारतज्ज्ञ पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाला. १९९३च्या आपल्या पुस्तकात त्याने फोर्स इंडेक्स मांडला. आजचा बंद भाव वजा कालचा बंद भाव, गुणिले व्हॉल्यूम. ही उडी फार तीव्र दिसते म्हणून २ किंवा १३ दिवसांची सरासरी घ्यायची, तीही अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देणारी. म्हणजे एल्डरने ग्रॅनव्हिलचा ‘काल ते आज’ हा धागा सोडला नाही, त्यात फक्त किती रुपये हे मोजलं.

आता एक काल्पनिक दिवस घेऊ. काल शेअर १०० रुपयांवर बंद झाला. रात्री वाईट बातमी आली आणि आज तो ९० ला उघडला, ८८ पर्यंत घसरला, ९६ पर्यंत चढला आणि ९५ वर बंद झाला. व्हॉल्यूम १० लाख. चायकिनच्या हिशेबात दिवसाचा मध्य ९२, बंद भाव त्याच्या बराच वर, म्हणून गुणांक अधिक ०.७५ आणि साडेसात लाख जमा. एल्डरच्या हिशेबात भाव ५ रुपयांनी पडला, म्हणून उणे ५० लाख.

दोघंही खरं बोलतायत. बाजार उघडल्यावर घेणारे पुढे आले, हे चायकिन सांगतो. काल शेअर धरून बसलेल्यांचं नुकसान झालं, हे एल्डर सांगतो. रात्रीतली दरी चायकिनला दिसतच नाही. आणि याचा दोष पेपरावर टाकता येत नाही, कारण विल्यम्सचं मूळ सूत्रही इथे अधिक ०.६२५ देतं. नजर दिवसाच्या आत ठेवली, तेव्हाच ही दरी हिशेबाबाहेर गेली.

आपल्याकडे याचं टोक दिसतं ते लोअर सर्किटला. शेअर दिवसभर एकाच भावावर अडकला की उच्चांक आणि नीचांक एकच. चायकिनच्या सूत्रात भागायला शून्य उरतं, म्हणून त्या दिवसाची नोंद साधारणपणे शून्य धरली जाते. विकणाऱ्यांची रांग लागलेली असताना मनी फ्लो गप्प असतो. फोर्स इंडेक्स मात्र घसरण नोंदवतो, पण त्या दिवशी सौदेच कमी झाले तर तोही ती लहान दाखवतो.

फोर्स इंडेक्सचीही एक खोड आहे. त्याला भागणारं काही नसल्याने दोन शेअरच्या आकड्यांची तुलना होत नाही. आणि एका शेअरचे दोन झाले, पण जुने भाव दुरुस्त केले नाहीत, तर १०० चे ५० झालेले पाहून तो प्रचंड विक्री दाखवतो.

म्हणून हे दोघं भांडले की मी आधी कालचा बंद भाव आणि आजचा ओपनिंग शेजारी ठेवून पाहतो. मोठी दरी दिसली, तर भांडणाचं कारण बहुधा तिथेच असतं. एरवी लक्षात ठेवायचं ते एवढंच, की प्रत्येक सौद्यात एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. जोर कुणाचा, हे व्हॉल्यूमवर लिहिलेलं नसतं. ग्रॅनव्हिल, चायकिन आणि एल्डर, तिघांनीही तो भावावरून ताडला.