शब्दवेध : मिच्छा मि दुक्कडं

सिन्नरमध्ये घरोघरी गणपती बसतात, त्याच सुमारास जैन शेजारी हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. श्वेतांबरांची संवत्सरी पंथाप्रमाणे भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीला येते. त्या दिवशी प्रतिक्रमणात वर्षाचे दोष आठवायचे आणि मग प्रत्येकाची क्षमा मागायची.

हे प्राकृत शब्द तीन आहेत : मिच्छा म्हणजे मिथ्या, मि म्हणजे माझे, दुक्कडं म्हणजे दुष्कृत. माझे दुष्कृत मिथ्या होवो. पहिले दोन जोडून लिहिल्याने ‘इच्छामि’सारखे क्रियापद वाटते, पण ते तसे नाही.

यात ‘क्षमा’ हा शब्दच नाही. आधी येते ती स्वतःच्या दुष्कृताची कबुली. म्हणून सगळ्यांना एकच संदेश धाडण्यापेक्षा, ज्याच्याशी बोलणे तुटले त्याच्या दारी जाऊन हे म्हणावे.