नकारात्मक शब्दसूची

जाहिरातदाराने गुगलवर निवडलेले शब्द आणि ग्राहकाने प्रत्यक्षात टंकलेला शोध यांतील अंतर शोधशब्दांच्या अहवालात दिसते. समजा, शिलाई यंत्रे विकणाऱ्या दुकानाची जाहिरात 'शिलाई मशीन दुरुस्ती' या शोधावर झळकली, तर क्लिकचे पैसे जातात, विक्री मात्र होत नाही. अहवाल खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावून असे शोध वेचावेत आणि 'दुरुस्ती' हा शब्द नकारात्मक सूचीत घालावा. ही सूची समानार्थी शब्द ओळखत नाही. म्हणून 'रिपेअर', 'रिपेअरिंग' हेही स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात. 'मशीन' हा शब्दच वगळल्यास मात्र खरे ग्राहकही दुरावतात. सप्टेंबर २०२० पासून गुगल अत्यल्प वापराचे शोध अहवालातून वगळते. त्यामुळे काही अपव्यय अदृश्यच राहतो.