शेअर अदलाबदलीच्या विलीनीकरणातील प्रतिशेअर उत्पन्न

शेअर अदलाबदलीच्या विलीनीकरणात ताबा घेणारी कंपनी मोबदला रोख न देता स्वतःचे नवे शेअर देते. यामुळे एकत्रित कंपनीचा नफा वाढतो, पण तो नफा ज्यांच्यात वाटायचा त्या शेअरांची संख्याही वाढते. विलीनीकरणानंतरचे प्रतिशेअर उत्पन्न (ईपीएस) ताबा घेणाऱ्या कंपनीच्या पूर्वीच्या प्रतिशेअर उत्पन्नापेक्षा अधिक आले तर त्यास उत्पन्नवृद्धी म्हणतात. ते कमी आले तर त्यास उत्पन्नघट किंवा डायल्यूशन म्हणतात. निकाल कोणत्या बाजूस लागेल हे मुख्यतः विनिमय गुणोत्तरावर अवलंबून असते.

## विनिमय गुणोत्तर

विलीन होणाऱ्या कंपनीच्या एका शेअरच्या बदल्यात ताबा घेणाऱ्या कंपनीचे किती शेअर मिळतील, हे सांगणारी संख्या म्हणजे विनिमय गुणोत्तर होय. भारतात ते सहसा पूर्णांकांत जाहीर केले जाते. ‘२५ शेअरांमागे ४२ शेअर’ असे जाहीर झाल्यास गुणोत्तर ४२ ÷ २५, म्हणजे १.६८ होते. दोन्ही शेअरांचे दर्शनी मूल्य वेगळे असले तरी या गणितात फरक पडत नाही, कारण हिशोब शेअरांच्या संख्येचा असतो.

विलीनीकरणानंतरचे प्रतिशेअर उत्पन्न पुढीलप्रमाणे काढतात :

प्रतिशेअर उत्पन्न = दोन्ही कंपन्यांचा एकत्रित नफा ÷ (ताबा घेणाऱ्या कंपनीचे जुने शेअर + विलीन होणाऱ्या कंपनीचे शेअर × विनिमय गुणोत्तर)

## समतोल गुणोत्तर

ज्या गुणोत्तरास वृद्धीही होत नाही आणि घटही होत नाही, त्यास समतोल गुणोत्तर म्हणता येईल. विलीन होणाऱ्या कंपनीचा प्रत्येक शेअर आपल्या वाट्याचे उत्पन्न नव्या घरात घेऊन येतो. त्याच्या बदल्यात जितके नवे शेअर दिले जातात, त्या प्रत्येकास ताबा घेणाऱ्या कंपनीच्या जुन्या शेअरइतके उत्पन्न मिळावे लागते, अन्यथा जुन्या भागधारकांचा वाटा कमी होतो. म्हणून :

समतोल गुणोत्तर = विलीन होणाऱ्या कंपनीचे प्रतिशेअर उत्पन्न ÷ ताबा घेणाऱ्या कंपनीचे प्रतिशेअर उत्पन्न

ठरलेले गुणोत्तर याहून कमी असेल तर उत्पन्नवृद्धी होते, अधिक असेल तर उत्पन्नघट होते. विलीन होणारी कंपनी तोट्यात असेल, तर कोणत्याही गुणोत्तरास घट अटळ असते.

## उदाहरण : एचडीएफसी आणि एचडीएफसी बँक

मुंबईतील गृहकर्ज संस्था एचडीएफसी लिमिटेड ही एचडीएफसी बँकेत विलीन होणार असल्याची घोषणा ४ एप्रिल २०२२ रोजी झाली. विलीनीकरण १ जुलै २०२३ पासून अमलात आले. एचडीएफसीच्या २५ शेअरांमागे बँकेचे ४२ शेअर असे प्रमाण ठरले होते.

२०२२-२३ या आर्थिक वर्षात बँकेचा स्वतंत्र नफा सुमारे ४४,१०९ कोटी रुपये होता आणि वर्षअखेर शेअर ५५७.९७ कोटी होते. त्यावरून प्रतिशेअर उत्पन्न ७९.०५ रुपये येते. एचडीएफसीचा स्वतंत्र नफा सुमारे १६,२३९ कोटी रुपये होता. तिच्या भागधारकांना बँकेने ३११.०४ कोटी शेअर दिले. याचा अर्थ एचडीएफसीचे शेअर सुमारे १८५.१४ कोटी होते आणि तिचे प्रतिशेअर उत्पन्न ८७.७१ रुपये होते. समतोल गुणोत्तर ८७.७१ ÷ ७९.०५, म्हणजे १.११ येते. ठरलेले गुणोत्तर मात्र १.६८ होते. सरळ सूत्र लावल्यास ६०,३४८ कोटी रुपयांचा एकत्रित नफा ८६९.०१ कोटी शेअरांत वाटला जातो. प्रतिशेअर उत्पन्न ६९.४४ रुपये येते, म्हणजे सुमारे १२ टक्के घट दिसते.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. एचडीएफसी आणि तिच्या उपकंपन्या या बँकेच्याच प्रवर्तक होत्या आणि त्यांच्याकडे बँकेचे ११६.४६ कोटी शेअर होते. बँकेला स्वतःचेच शेअर धारण करता येत नसल्याने विलीनीकरणात ते रद्द झाले. त्यामुळे शेअरांची निव्वळ वाढ केवळ १९४.५८ कोटी झाली आणि परिणामी गुणोत्तर १.६८ ऐवजी १.०५ ठरले. शेअरांची एकूण संख्या ७५२.५५ कोटी धरल्यास प्रतिशेअर उत्पन्न ८०.१९ रुपये येते, म्हणजे किंचित वृद्धी दिसते.

येथेही एक दुरुस्ती उरते. रद्द झालेल्या शेअरांवर बँक जो लाभांश देत असे, तो एचडीएफसी समूहाच्या उत्पन्नात मोडत असे. बँकेने त्या वर्षी दिलेला लाभांश प्रतिशेअर १५.५० रुपये होता, म्हणून ही रक्कम सुमारे १,८०५ कोटी रुपये होते. तो पैसा मुळात बँकेच्याच नफ्यातून आलेला असल्याने एकत्रित नफ्यात दोनदा मोजला जातो. उपकंपन्यांना मिळालेल्या लाभांशापैकी मूळ कंपनीच्या नफ्यात किती आला हे वेगळे न काढता, सावध हिशोबासाठी येथे पूर्ण रक्कम वगळली आहे.

| हिशोबाची पायरी | नफा (कोटी रुपये) | शेअर (कोटी) | प्रतिशेअर उत्पन्न (रुपये) | बदल |
|---|---|---|---|---|
| विलीनीकरणापूर्वी बँक | ४४,१०९ | ५५७.९७ | ७९.०५ | – |
| सरळ सूत्र | ६०,३४८ | ८६९.०१ | ६९.४४ | १२.२ टक्के घट |
| शेअर रद्द केल्यावर | ६०,३४८ | ७५२.५५ | ८०.१९ | १.४ टक्के वृद्धी |
| लाभांशही वगळल्यावर | ५८,५४३ | ७५२.५५ | ७७.७९ | १.६ टक्के घट |

गुणोत्तर एकच असूनही उत्तर प्रथम मोठी घट, मग वृद्धी आणि शेवटी अल्प घट असे बदलते. म्हणून विलीन होणाऱ्या कंपनीकडे ताबा घेणाऱ्या कंपनीचे शेअर आहेत काय, हा प्रश्न हिशोबाच्या आरंभीच विचारावा लागतो. दोन्हींपैकी एकच दुरुस्ती केली तर निष्कर्ष फसवा निघतो.

## मर्यादा

वरील गणित मागील वर्षाच्या स्वतंत्र नफ्यावर आधारलेले आहे. एचडीएफसीच्या आयुर्विमा, म्युच्युअल फंड इत्यादी उपकंपन्यांचा नफा त्यात केवळ लाभांशाच्या रूपाने येतो, पूर्णपणे येत नाही. दुसरीकडे, बँकेला आपल्या ठेवी व इतर देण्यांच्या ठरावीक प्रमाणात रोख राखीव निधी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो आणि त्यावर व्याज मिळत नाही. गृहकर्ज संस्थेची कर्जे बँकेत आल्यावर हा भार त्यांवरही पडतो. त्यामुळे पूर्वीचा १६,२३९ कोटी रुपयांचा नफा बँकेच्या छत्राखाली जसाच्या तसा टिकेल असे गृहीत धरता येत नाही.

प्रत्यक्ष ताळेबंदातील आकडाही सावधपणे वाचावा लागतो. विलीनीकरण वर्षाच्या मध्येच झाल्यास प्रतिशेअर उत्पन्न शेअरांच्या भारित सरासरीवर काढले जाते. २०२३-२४ मध्ये बँकेने सुमारे ६०,८१२ कोटी रुपये नफा दाखवला, पण त्यात नवे शेअर नऊच महिने मोजले गेले. शिवाय त्यात एचडीएफसी क्रेडिला या उपकंपनीतील हिस्सा विकून मिळालेला सुमारे ७,३४० कोटी रुपयांचा एकवेळचा लाभ होता, तर १०,९०० कोटी रुपयांची तरती तरतूदही वजा केलेली होती. अशा वर्षाचे प्रतिशेअर उत्पन्न मागील वर्षाशी थेट ताडून विलीनीकरण लाभदायक ठरले की नाही, हे सांगता येत नाही.

उत्पन्नवृद्धी म्हणजे मूल्यवृद्धी नव्हे, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ताबा घेणाऱ्या कंपनीचा शेअर उत्पन्नाच्या तुलनेत महाग आणि विलीन होणाऱ्या कंपनीचा स्वस्त असेल, तर थोडे शेअर देऊन अधिक नफा पदरात पडतो आणि व्यवसायात काहीही सुधारणा न होता प्रतिशेअर उत्पन्न वाढते. उलट, वेगाने वाढणारी कंपनी महाग गुणोत्तराने घेतल्यास पहिल्या वर्षी घट दिसूनही तो व्यवहार पुढे हितकारक ठरू शकतो.