पोलिसांचे रजिस्टर आणि जातगणनेचा फॉर्म : खासगीपणाचा हक्क कोणाच्या बाजूने?

खासगीपणाच्या हक्काविषयी आपल्या चळवळीत दोन उलटसुलट गोष्टी ऐकू येतात. काही कार्यकर्ते म्हणतात, ज्यांच्याकडे बंगला आणि कुंपण आहे त्यांचा हा हक्क आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे कसला खासगीपणा? दुसरीकडे आरक्षणाचे विरोधक हाच हक्क हातात घेऊन जातगणनेच्या विरोधात कोर्टात जातात. आम्हाला दोन्ही म्हणणी मान्य नाहीत. या देशात खासगीपणाच्या हक्काचा लढा बंगल्यातून सुरू झालेला नाही. तो पोलीस ठाण्यातल्या रजिस्टरातून सुरू झाला आहे. तो इतिहास समजला की विरोधकांच्या युक्तिवादाला उत्तरही सापडते.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्कांचा जो मसुदा मांडला, त्यात माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची आणि वस्तूंची अवाजवी झडती-जप्तीपासून सुरक्षितता हा स्वतंत्र हक्क होता. पुढे डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती उपयुक्त म्हणून स्वीकारण्याची तयारी दाखवली. फौजदारी प्रक्रिया संहितेत असे संरक्षण आधीच आहे, पण ते संविधानात असले तर विधिमंडळाला ते सहज काढून घेता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ती दुरुस्ती अखेर संमत झाली नाही. त्यामुळे संविधानाच्या तिसऱ्या भागात खासगीपणा हा शब्द आला नाही आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षे सरकारी वकील त्याच रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहिले.

ही रिकामी जागा कोणाला महागात पडली? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पूर्ण जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्यांची रजिस्टरे झाली, हजेऱ्या लागल्या. 1911 च्या कायद्यात नोंदलेल्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. आज ज्याला आपण बायोमेट्रिक म्हणतो, ते आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांनी शंभर वर्षांपूर्वी भोगले आहे. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, पण रजिस्टर गेले नाही. सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून आणि पोलीस नियमावल्यांतून ते चालूच राहिले.

सर्वोच्च न्यायालयात या रजिस्टराला भिडला तो उत्तर प्रदेशातला खडक सिंग. 1941 साली दरोड्याच्या एका प्रकरणात त्याला पकडले, पण पुरावा नाही म्हणून सोडून दिले. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाने ‘हिस्ट्रीशीट’ उघडली. नियमावलीच्या 236 व्या नियमाप्रमाणे सहा गोष्टी करता येत होत्या. घरावर गुप्त पाळत ठेवायची, रात्री घरी जाऊन दार ठोठवायचे, सवयी, मिळकत आणि धंद्याची चौकशी करायची, गावाबाहेर गेला की कळवायचे, ती हालचाल पडताळून पाहायची आणि हे सगळे हिस्ट्रीशीटवर लिहून ठेवायचे. 18 डिसेंबर 1962 रोजी सहा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने यातली फक्त रात्रीची घरभेट रद्द केली. बाकी सगळे बहुमताने वैध ठरले, कारण खासगीपणा हा संविधानाने हमी दिलेला हक्क नाही असे बहुमताने म्हटले. न्या. सुब्बा राव आणि न्या. शहा यांनी मात्र पूर्ण नियमच घटनाबाह्य ठरवला. पाळतीखाली असलेला माणूस रस्त्यावर चालत असला तरी तो मोकळा नसतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

हे अल्पमत बहुमत व्हायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा कलम 21 चा आणि तिसऱ्या भागातल्या इतर स्वातंत्र्यांचा अंगभूत भाग आहे. खडक सिंग निकालातले ‘खासगीपणाचा हक्क नाही’ हे विधान त्यांनी मोडीत काढले. पण हा हक्क अमर्याद नाही. तो मर्यादित करायचा असेल तर सरकारला एका कसोटीतून जावे लागते. तिलाच आपण प्रमाणशीरतेची कसोटी म्हणतो.

ही कसोटी साध्या भाषेत अशी. आधी कायद्याचा आधार हवा; नुसता साहेबांचा तोंडी हुकूम चालत नाही. मग चार प्रश्न. हेतू वैध आहे का? घेतलेली माहिती आणि तो हेतू यांचा खरा संबंध आहे का? तोच हेतू साधणारा, पण माणसाला कमी उघडे पाडणारा दुसरा मार्ग आहे का? आणि शेवटी, समाजाला होणारा लाभ आणि माणसाचे होणारे नुकसान यांचा तोल बसतो का? शिवाय गैरवापर रोखणारी व्यवस्था हवी. हे प्रश्न पायरीने विचारायचे असतात. एका पायरीवर सरकार अडले, तर पुढच्या पायऱ्या त्याला वाचवत नाहीत.

26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात हे प्रत्यक्ष दिसले. प्रत्येक बँक खात्याला आधार जोडा, नाहीतर खाते बंद, या नियमाचा हेतू काळा पैसा रोखणे असा होता. हेतू वैधच होता. पण त्यासाठी प्रत्येक खातेदाराला संशयित का धरायचे आणि कमी जाचक उपाय का चालत नाही, याचे उत्तर सरकारकडे नव्हते, म्हणून तो नियम पडला. मोबाइल सिमची सक्ती तर कायद्याचा आधार नसल्याने पहिल्याच पायरीवर कोसळली. रेशनसारख्या लाभांसाठीचे आधार मात्र बहुमताने टिकले, न्या. चंद्रचूड यांनी पूर्ण आधार कायद्याविरुद्ध वेगळे मत दिले. ठसा जुळला नाही म्हणून ज्या म्हातारीचे धान्य अडते, तिचे नुकसान तराजूच्या पारड्यात किती वजनाचे धरायचे, हाच वादाचा खरा मुद्दा होता आणि तो आजही आहे.

आता हीच कसोटी बिहारच्या जातनिहाय सर्वेक्षणाला लावून पाहू. 2022 च्या जूनमध्ये बिहार सरकारने अधिसूचना काढली. जानेवारी 2023 मध्ये घरांची यादी झाली आणि एप्रिलमध्ये जातीसह माहिती घेणे सुरू झाले. विरोधक पाटणा उच्च न्यायालयात गेले. 4 मे 2023 रोजी न्यायालयाने सर्वेक्षणाला अंतरिम स्थगिती दिली. ही जनगणनाच आहे आणि तो अधिकार केंद्राचा आहे, असे प्रथमदर्शनी मत होते. माहितीची सुरक्षितता आणि ती विधानसभेतल्या पक्षनेत्यांना देण्याचा इरादा, याबद्दलही न्यायालयाने चिंता व्यक्त केली. 1 ऑगस्ट 2023 रोजी अंतिम निकालात त्याच न्यायालयाने सर्व याचिका फेटाळल्या आणि सर्वेक्षण वैध ठरवले.

आम्ही पायऱ्या स्वतः चढून पाहतो. हेतू वैध आहे का? कलम 15(4) आणि 16(4) मागास वर्गांसाठी उपाय करायची मुभा देतात. न्यायालये स्वतः आकडे मागतात. 4 मार्च 2021 रोजी महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमधले ओबीसी आरक्षण अडकले, ते प्रत्यक्ष अभ्यासाची आकडेवारी नाही म्हणून. आकडे नाहीत म्हणून आरक्षण थांबवायचे आणि आकडे गोळा करायला निघाले की खासगीपणा आड आणायचा, हे एकाच तोंडाने दोन बोलणे झाले. संबंध आहे का? मागासलेपण मोजायचे तर जात, शिक्षण, मिळकत एकत्र विचारावेच लागते. कमी जाचक मार्ग? नमुना पाहणी सुचवली जाते, पण ज्या जातीची लोकसंख्याच थोडी आहे ती नमुन्यात नीट उमटत नाही आणि सगळ्यात मागे राहिलेल्या जातीच नेमक्या निसटतात. तोल? 2 ऑक्टोबर 2023 ला बाहेर आले ते बेरजेचे आकडे. अतिमागास 36.01 टक्के, मागास 27.12 टक्के, अनुसूचित जाती 19.65 टक्के. कोणा एका माणसाचे नाव त्यात नव्हते.

पण कसोटी प्रामाणिकपणे लावायची तर आपल्या बाजूची कच्ची जागाही दिसली पाहिजे. 1948 च्या जनगणना कायद्याचे कलम 15 घराघराची नोंद गुप्त ठेवते. ती तपासायला किंवा पुरावा म्हणून वापरायला मिळत नाही. बिहारचे सर्वेक्षण कार्यकारी आदेशावर उभे होते, त्याला विधिमंडळाच्या कायद्याचे असे कवच नव्हते. एका घराची जात, मिळकत आणि पत्ता एकत्र असलेली यादी चुकीच्या हाती पडली तर दंगलीच्या रात्री तिचा काय उपयोग होईल, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून आमची मागणी जातगणना नको अशी नसून, जातगणना हवी आणि तिच्या नोंदींना कायद्याने गुप्तता हवी, अशी आहे.

आणि आता तोच जातीचा रकाना दुसऱ्या रजिस्टरात पाहा. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या कैद्यांच्या रजिस्टरांतून जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. तिथे तो रकाना कोणी झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाक करायचा, हे ठरवत होता. त्याआधी 7 मे 2024 रोजी दिल्लीतल्या एका हिस्ट्रीशीटच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मागास समाजातल्या निरपराध माणसांच्या नावे अशा शीट उघडल्या जातात या आरोपाची स्वतःहून दखल घेतली आणि सर्व राज्यांना आपापली पद्धत तपासायला सांगितले. खडक सिंगचे रजिस्टर बासष्ट वर्षांनी पुन्हा न्यायालयासमोर आले.

माहिती तीच, जात. गणनेच्या फॉर्ममध्ये ती माणसांच्या बेरजेतून सत्तेला जाब विचारते. पोलिसाच्या आणि जेलरच्या रजिस्टरात ती एका माणसाला पकडून त्याची जागा दाखवते. प्रमाणशीरतेची कसोटी हा फरक ओळखायला शिकवते, म्हणून ती आपल्या कामाची आहे.

उद्या वस्तीत कोणी फोटो, ठसे, फोन नंबर मागायला आले, तर चार गोष्टी लेखी विचारा. कोणत्या कायद्याखाली? कशासाठी? याहून कमी माहितीत का भागत नाही? नोंद कोण पाहणार आणि कधी पुसणार? उत्तर मिळाले नाही, तर तोच कागद कलम 226 खाली उच्च न्यायालयात किंवा कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात तुमच्या याचिकेचा पहिला पुरावा असतो. कलम 32 ला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले होते. खडक सिंग ज्या दरवाजातून आत गेला, तो हाच.